भुसा घरचा, तरी युनिट १३ रुपयांचं: राईस मिलच्या छोट्या वीजघराचा तासाचा हिशेब

भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पट्ट्यात एक राईस मिल आहे. तासाला दोन टन धान भरडते. मिलच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये भुसा अर्धवट जाळून त्याचा गॅस करणारा गॅसिफायर आणि त्याला जोडलेलं १२५ किलोवॅटचं गॅस इंजिन. मी मिलांच्या विजेचे हिशेब तपासायला फिरतो, म्हणून तिथे गेलो होतो. मिलवाल्या भाऊंना विचारलं, युनिट कितीला पडतं?

"भुसा तर घरचाच आहे ना जी," भाऊ म्हणाले. "दोन ऑपरेटर अन् दोन मजूर. चार रुपयांच्या वर जातच नाही."

चार हा आकडा त्यांनी मनाने काढलेला नव्हता. मशीन विकणाऱ्याने दिलेला एक कागद त्यांच्या गल्ल्यात होता, त्यावर ४ रुपये १९ पैसे असं लिहिलेलं होतं. मी तो कागद नीट वाचला. त्यात बेरजेची एकही चूक नव्हती. तरीही त्या मिलमध्ये त्या वर्षी युनिट पडलं होतं १३ रुपये ६६ पैशांना. हा फरक कुठून आला ते समजलं की स्वतःच्या विजेचा हिशेब कसा करायचा हेही समजतं. म्हणून तोच इथे उलगडतो. यातले भाव आणि पगार त्या मिलचे आहेत. तुमच्याकडे ते वेगळे असतील, रीत तीच राहील.

आधी एक सोय करून घेऊ. वर्षाच्या लाखांच्या आकड्यांत डोकं गरगरतं, म्हणून सगळा खर्च तासावर आणायचा. हे वीजघर एक तास चालवायला किती रुपये लागतात, आणि त्या तासात मिलला किती युनिट मिळतात? पहिल्याला दुसऱ्याने भागलं की झालं.

खालचा आकडा आधी घेतो, कारण गफलत तिथेच जास्त होते. मिल पूर्ण चालू असताना इंजिनवर सरासरी १०० किलोवॅटचा लोड होता, म्हणजे जनरेटरच्या मीटरवर तासाला १०० युनिट. पण वीजघर स्वतःही वीज खातं. गॅस ओढणारा ब्लोअर, गॅस धुणाऱ्या स्क्रबरचा पाण्याचा पंप, कूलिंग टॉवरचा पंखा, राख बाहेर काढणारी यंत्रणा हे सगळं त्याच विजेवर चालतं. वेगळा मीटर लावून पाहिलं तर तासाला १२ युनिट तिकडे जात होते. मिलला मिळत होते ८८. खर्च भागायचा तो या ८८ ने. विक्रेत्याच्या कागदावर इंजिनच्या पाटीवरचे १२५ होते, आणि तेही वर्षाचे ७,९२० तास, म्हणजे दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे ३३० दिवस. भंडाऱ्यातली कोणती मिल वर्षाचे ३३० दिवस चोवीस तास चालते? भाऊंची मिल दिवसाला बारा तास आणि वर्षाला दोनशेच्या वर काही दिवस चालली होती. तासांचा मीटर सांगत होता २,५००.

आता वरचा आकडा. त्यात पहिला खर्च भुशाचा.

धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा भुसा निघतो. दोन टन धानातून तासाला ४०० किलो. गॅसिफायरला लागतो तासाला १५० किलो, म्हणजे दर युनिटमागे दीड किलो. भुसा पुरून उरतो, म्हणून तो फुकट वाटतो. पण उरलेला भुसा भाऊ काय करत होते? वीटभट्टीला आणि बॉयलरवाल्यांना विकत होते, त्या वर्षी सरासरी ३ रुपये किलोने. मग गॅसिफायरमध्ये टाकलेला प्रत्येक किलो हा न विकलेला किलो झाला. तासाला १५० किलो म्हणजे ४५० रुपयांचा माल पेटला. घरच्या विहिरीचं पाणी फुकट असतं, कारण ते विकत घेणारं कोणी दारात उभं नसतं. भुशाला गिऱ्हाईक दारात उभं आहे.

दीड किलो हा आकडाही मोजून घ्यावा लागतो. विक्रेत्याचा कागद १.२ किलो म्हणत होता आणि भाव धरला होता २ रुपये. नवी मशीन, कोरडा भुसा आणि पूर्ण लोड असताना १.२ च्या आसपास येऊ शकतं. पण रोज सकाळी गॅसिफायर पेटवल्यावर वीसेक मिनिटं गॅस धड होत नाही. तो बाहेर जाळून टाकावा लागतो. त्या वेळात भुसा जळतो आणि युनिट एकही येत नाही. शिवाय ट्रॉलीच्या अंदाजावर विसंबू नये. भुसा इतका हलका असतो की एका घनमीटरला जेमतेम १०० किलोच्या आसपास भरतो. ट्रॉली शिगोशिग दिसली तरी धर्मकाट्यावर हलकी निघते. आम्ही एक महिना गॅसिफायरकडे जाणारा सगळा भुसा काट्यावरून नेला आणि महिन्याच्या एकूण युनिटने भागला. तेव्हा दीड किलो हे उत्तर आलं.

ओल्या भुशाने हा आकडा आणखी बिघडतो. ओलावा १५-२० टक्क्यांच्या वर गेला की चुलीची उष्णता पाणी उडवण्यातच जाते, आतलं तापमान उतरतं, गॅस पातळ होतो आणि त्यातलं चिकट डांबर वाढतं. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चाचणीच्या नळीवर गॅस पेटवून बघायचा. ज्योत निळसर आणि स्थिर असेल तर ठीक. ती धुरकट, फडफडणारी असेल तर इंजिनला गॅस देऊ नये. दुसरी खूण पांढऱ्या सुती कापडाची. फिल्टरनंतरच्या नळीवर मिनिटभर कापड धरलं आणि त्यावर तपकिरी चिकट डाग पडला, की समजायचं डांबर इंजिनात चाललं आहे. ते व्हॉल्व्हवर बसतं, मग इंजिन एका लयीत चालत नाही, आणि पुढचा खर्च देखभालीच्या खात्यात उगवतो.

माणसांच्या खर्चाबद्दल भाऊंचा आकडा बरोबर होता. फक्त तो किती युनिटवर पसरतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. बारा तास चालायचं तर एका माणसाकडून बारा तास काम करून घेता येत नाही, म्हणून दोन पाळ्या. दर पाळीला एक ऑपरेटर आणि एक मजूर. ऑपरेटरला महिना १८,००० आणि तेही बाराही महिने, कारण गॅसिफायर समजणारा माणूस हंगाम संपल्यावर सोडला तर पुढच्या हंगामात तो दुसऱ्याच्या मिलमध्ये दिसतो. मजूर महिना १३,००० ने नऊ महिने. दोघे ऑपरेटर ४ लाख ३२ हजार, दोघे मजूर २ लाख ३४ हजार. त्यावर प्रॉव्हिडंट फंड आणि बोनस धरला की वर्षाचे ८ लाख होतात. भागिले २,५०० तास, तासाला ३२० रुपये.

छोट्या वीजघराची खरी अडचण इथे आहे. १०० किलोवॅटला जेवढी माणसं लागतात, जवळपास तेवढीच ५०० किलोवॅटलाही लागतात. भुसा ओतणारा, पॅनेल बघणारा, राख उचलणारा एकेक माणूस लागतोच. मशीन लहान केली म्हणून माणूस अर्धा करता येत नाही. मोठ्या कारखान्याच्या वीजघरात पगाराचा वाटा युनिटमागे पैशांत मोजतात, इथे तो साडेतीन रुपयांच्या वर जातो. विक्रेत्याच्या कागदात पगार धरलेला होता, पण तीन ऑपरेटरांचा, मजूर एकही नाही, आणि भागाकार जवळपास दहा लाख युनिटने. म्हणून तिथे तो ६५ पैसे दिसत होता.

तिसरा खर्च देखभालीचा, आणि हा दोन तऱ्हांचा असतो. एक रोज दिसणारा. या गॅसवर चालणाऱ्या इंजिनचं ऑइल लवकर काळं होतं, भाऊंकडे दर २५० तासांनी बदलत होते. वर्षात दहा वेळा, दर वेळी तीस लिटर. त्यात स्पार्क प्लग, फिल्टरच्या पिशव्या, गॅसिफायरची जाळी आणि आतलं अस्तर, मिस्त्रीच्या फेऱ्या. बिलं गोळा केली तर ३ लाख निघाली. दुसरा खर्च दिसत नाही, कारण तो चार वर्षांनी एकदम येतो: इंजिनची मोठी दुरुस्ती. इथे ती १०,००० तासांनी येणार आणि अंदाजे ६ लाख लागणार. म्हणजे इंजिन फिरलेल्या प्रत्येक तासाला ६० रुपये बाजूला पडले पाहिजेत. २,५०० तासांचे दीड लाख. दोन्ही मिळून ४ लाख ५० हजार, तासाला १८० रुपये.

बहुतेक मिलांच्या वहीत ते ६० रुपये नसतात. तीन वर्षं वीज स्वस्त दिसते आणि चौथ्या वर्षी "मशीनने यंदा दगा दिला" असं म्हणतात. मशीन नेमाने चालली होती, ते ६ लाख या चार वर्षांत थोडे थोडे खर्च झालेच होते, फक्त कोणी लिहिले नव्हते.

राखेचंही इथेच सांगून टाकतो. भुशात राखेचं प्रमाण १५ ते २० टक्के असतं आणि ती बहुतांशी सिलिका असते. आत न जळलेला कार्बन धरला तर भाऊंकडे वर्षाला शंभर टनांच्या आसपास काळी राख निघत होती. चूल जास्त तापली तर हीच राख वितळून तिचे खडे होतात आणि जाळी अडते. राख विकत घेणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर ती उचलायला ट्रॅक्टर लागतो. भाऊंच्या शेतातच ती जात होती, म्हणून मी खर्च धरला नाही.

शेवटचा खर्च घसाऱ्याचा. या शब्दाला लोक उगाच बिचकतात. बैलजोडी एक लाखाला घेतली, सहा वर्षं कामाला लावली आणि ४० हजारांना विकली, तर सहा वर्षांत ६० हजार रुपये शेताने खाल्ले. वर्षाला दहा हजार. चारा-पाणी वेगळं. घसारा म्हणजे एवढंच. भाऊंचं वीजघर शेडसकट ७० लाखांना पडलं होतं. दहा वर्षांनी भंगार आणि जुनं इंजिन मिळून ७ लाख येतील असं धरलं. उरले ६३ लाख, वर्षाला ६ लाख ३० हजार, तासाला २५२ रुपये.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. आयकराच्या वहीतला घसारा घटत्या शिल्लकीवर काढतात. पहिल्या वर्षी तो मोठा, नंतर कमी कमी. तो कर भरायला योग्य आहे, युनिटचा भाव काढायला नाही. नाहीतर तीच मशीन, तोच भुसा असून पहिल्या वर्षी वीज महाग आणि पाचव्या वर्षी स्वस्त दिसते. दुसरा घोळ बँकेच्या हप्त्याचा. हप्त्यातली मुद्दल म्हणजे त्याच मशीनची किंमत. घसारा धरला आणि हप्ताही पूर्ण धरला, तर मशीन दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. हप्त्यातलं व्याज मात्र खरोखर वेगळा खर्च आहे. दहा वर्षांत सरासरी अडकलेले ३८ लाख ५० हजार आणि दहा टक्के दर धरला तर ते वर्षाला ३ लाख ८५ हजार, म्हणजे युनिटला आणखी पावणेदोन रुपये होतात. मी ते खाली बेरजेत घेतलेलं नाही, पण नवीन मशीन घेणाऱ्याने घ्यावं.

बेरीज करू. भुसा ४५०, माणसं ३२०, देखभाल १८०, घसारा २५२. तासाला १,२०२ रुपये. भागिले ८८. युनिटला १३ रुपये ६६ पैसे.

भाऊ बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी बरोबर प्रश्न विचारला. "मंग बंदच करून टाकू काय?"

याचं उत्तर आहे, रोज वेगळं. कारण १३.६६ हा आकडा एका प्रश्नाचं उत्तर आहे: अशी मशीन घ्यावी का? महावितरणची लाइन नीट असेल आणि मिल बाराच तास चालत असेल, तर घेऊ नये. ते ७० लाख आता गेले आहेत. मशीन शेडमध्ये उभी राहिली तरी घसारा चालूच राहणार. ऑपरेटरचा पगार चालूच राहणार, मजूरही हंगामापुरते बांधलेलेच. आज सकाळी मशीन पेटवायची की लाइनवर मिल चालवायची, हा दुसरा प्रश्न आहे. त्यात फक्त तेच खर्च धरायचे जे मशीन बंद ठेवल्याने वाचतात: भुसा ४५० आणि तासागणिक होणारी झीज १८०. मिळून ६३०, भागिले ८८, म्हणजे ७ रुपये १६ पैसे.

समोर बिलाचा आकडाही तसाच घ्यायचा. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असं करू नका. त्यात डिमांड चार्ज असतो, आणि तो युनिट कमी वापरलं म्हणून त्या प्रमाणात उतरत नाही. युनिटवर लागणारे आकारच जोडायचे: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, त्यावरचं शुल्क. भाऊंच्या बिलात ते ९ रुपयांच्या आसपास येत होते. म्हणजे भुसा ३ रुपये असताना मशीन चालवली तर युनिटमागे एक रुपया ऐंशी-पंच्याऐंशी पैसे हातात राहतात. १३.६६ ची मशीन चालवून फायदा होतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

हा फायदा भुशाच्या कोणत्या भावाला संपतो? ८८ युनिट गुणिले ९ म्हणजे ७९२ रुपये. त्यातून झिजेचे १८० वजा, राहिले ६१२. भागिले १५० किलो. ४ रुपये ८ पैसे. भुसा याच्या वर गेला की तो पेटवण्यापेक्षा विकून त्याच पैशांत लाइनची वीज घेणं बरं.

दुसरी मर्यादा लोडची, आणि ती भुशाच्या भावापेक्षा जास्त फसवते. समजा धान कमी आहे, मिलमधली भरडाईची एकच लाइन चालू आहे आणि इंजिनवर ६० किलोवॅटच लोड आहे. वीजघराचे स्वतःचे १२ किलोवॅट तसेच राहतात, म्हणून मिलला मिळतात ४८. कमी लोडवर इंजिन युनिटमागे जास्त गॅस पितं, भुसा दीडवरून १.८ किलोवर जातो. तासाला १०८ किलो, ३२४ रुपये. झीज १८० तीच. मिळून ५०४, भागिले ४८, साडेदहा रुपये. लाइनपेक्षा महाग. माणसं आणि घसारा धरून बघितलं तर २२ रुपयांच्या वर. भुशाचा भाव तोच, मशीन तीच, फक्त लोड उतरला. आम्ही मधले आकडे काढून पाहिले, तर ७५ किलोवॅटच्या खाली मशीन चालवण्यात अर्थ उरत नव्हता.

तासांचा परिणामही आहे, पण लोक समजतात तसा नाही. सरकारी धानाच्या भरडाईचे आदेश रखडले आणि वर्षाला १,२०० तासच मिल चालली, तर माणसं तासाला ६६७ आणि घसारा ५२५ वर जातो, आणि एकूण युनिट २० रुपये ७० पैशांवर पोचतं. उलट चोवीस तास चालवून वर्षाला ६,००० तास केले तर ते पावणेबाराच्या आसपास थांबतं. घसारा निम्म्याहून खाली येतो, पण पाळ्या वाढतात, रजेवरच्या माणसाच्या बदलीचा माणूस लागतो, आणि पगाराचा वाटा जवळपास तिथेच राहतो.

लाइन गेली असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. तेव्हा तुलना डिझेलशी असते. शंभरेक किलोवॅटचा जनरेटर चांगल्या लोडवर लिटरला साडेतीन युनिटच्या आसपास देतो. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसत्या इंधनाचेच २५-२६ रुपये झाले. त्यापुढे भुशाचे ७.१६ कधीही बरे. पण गॅसिफायर बटण दाबलं की सुरू होत नाही. अर्ध्या तासासाठी लाइन गेली तर तो तयार होईपर्यंत ती परत येते. त्यामुळे डिझेलचा छोटा जनरेटर भाऊंनी विकला नाही, आणि मीही विका म्हटलं नाही.

निघताना पॅनेलशेजारच्या काळ्या पाटीवर ऑपरेटरने खडूने दोन ओळी लिहून घेतल्या: भुसा ४ च्या आत, लोड ७५ च्या वर. जुलैत फोन आला तेव्हा उन्हाळी धानाची भरडाई चालू होती. पावसामुळे भुशाचा भाव ५ वर गेला होता आणि उघड्यावरचा ढीग भिजला होता. मशीन आठ दिवसांपासून बंद होती. शेडमधला कोरडा भुसा ट्रकने बॉयलरवाल्याकडे चालला होता, आणि दोघे ऑपरेटर गॅसिफायरचं अस्तर काढून बसले होते.

"पगार तर द्याच लागते," भाऊ म्हणाले, "मंग अस्तर आताच करून घेतो."

मी विचारलं, ते ६० रुपये बाजूला टाकता का? ते हसले. पोस्टात वेगळं खातं काढलं होतं.